झाकलं माणिक: फुटबॉल मॅनेजरमध्ये स्वस्तातला होल्डिंग मिडफिल्डर शोधताना

मधली_फळी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. फुटबॉल मॅनेजर २०२४ वर नेदरलँड्सच्या दुसऱ्या विभागातला एक क्लब घेऊन चौथा सीझन चालू आहे. ट्रान्सफरसाठी हातात होते ४ लाख युरो, आणि आमचा होल्डिंग मिडफिल्डर करार संपवून फुकट निघून गेला. बदली खेळाडू मिळाला, १ लाख ५० हजारात. पण तो मिळेपर्यंत मी तीन वेळा चुकीच्या माणसाच्या मागे लागलो होतो. त्यातून जे कळलं ते इथे मांडतो. दोन गोष्टी मला अजून नीट उमगलेल्या नाहीत, त्या जाणकारांनी सांगाव्यात.

सुरुवात तर सगळे करतात तशीच केली. प्लेअर सर्च उघडला, जागा निवडली, वय २४ च्या खाली, करार वर्षभरात संपणारा. शेकड्यांनी नावं आली. मग स्वतःचा व्ह्यू बनवला. त्यात खेळलेली मिनिटं, दर ९० मिनिटांमागे परत मिळवलेले चेंडू, पासची टक्केवारी, दर ९० मिनिटांमागे पुढे नेणारे पास आणि फाउल एवढेच रकाने ठेवले. ९०० मिनिटांच्या आत खेळलेले सगळे बाद केले, कारण चार सामन्यांत कुणीही राजा दिसतो. उरले ४० च्या आसपास.

परत मिळवलेल्या चेंडूंवर क्रम लावला, तर सगळ्यात वर बेल्जियमच्या दुसऱ्या विभागातला एक जण. दर सामन्याला १३.० चेंडू! मी लगेच स्काउट पाठवला, एजंटकडे चौकशीही करून टाकली. नंतर लक्षात आलं की त्याचा संघ तळाला आहे आणि सरासरी पझेशन ३८ टक्के. म्हणजे ६२ टक्के वेळ चेंडू समोरच्यांकडे. ज्याला दिवसभर चेंडूच्या मागे धावायचंय, तो जास्त चेंडू हिसकावणारच.

त्याच यादीत चौदाव्या नंबरावर पोर्तुगालच्या दुसऱ्या विभागातला २२ वर्षांचा एक मुलगा होता. आकडा १०.२, पण संघाचं पझेशन ५७ टक्के. संधी कमी मिळूनही त्याने एवढे चेंडू काढले होते. यादी Ctrl+P करून वेब पेज म्हणून काढली, स्प्रेडशीटमध्ये टाकली. संघाचं पझेशन खेळाडूच्या यादीत येत नाही, ते त्या त्या लीगच्या संघांच्या आकडेवारीतून बघून हाताने भरलं. मग एवढंच:

```
=C2*50/(100-D2)
```

C मध्ये परत मिळवलेले चेंडू, D मध्ये स्वतःच्या संघाचं पझेशन. बेल्जियमवाला १३.० वरून १०.५ वर उतरला, पोर्तुगालवाला १०.२ वरून ११.९ वर चढला. क्रम उलटला.

पुढचं स्काउटिंगचं पुढच्या प्रतिसादात लिहितो, लांबलंय.

---

थ्रूबॉल

छान लिहिताय. पण एवढी आकडेमोड कशाला? ज्याच्या प्रोफाइलवर तारे जास्त तो घ्या. चीफ स्काउट चांगला असेल तर तारे चुकत नाहीत, मी तीन सेव्ह असेच खेळलोय.

---

कोपऱ्यातला_झेंडा

थ्रूबॉल, चीफ स्काउटची नजर महत्त्वाची हे तुमचं बरोबर आहे. पण तारे म्हणजे खेळाडूची स्वतःची किंमत नव्हे. तुमच्या सध्याच्या संघाच्या तुलनेत तो कुठे बसतो, एवढंच ते सांगतात. जूनमध्ये तुमचे दोन चांगले मिडफिल्डर गेले की बाहेरच्या त्याच मुलाचे अडीच तारे जुलैत साडेतीन होतात, मधे त्याने एकही सामना न खेळता. मी एकदा अशाच फुगलेल्या ताऱ्यांवर चार वर्षांचा करार देऊन बसलो होतो.

दुसरं, काळे तारे दिसले तर ते 'कदाचित' असे वाचा. स्काउटला अजून खात्री नाही. दोन सोनेरी आणि दोन काळे म्हणजे तो दोनचाही असू शकतो, चारचाही.

---

रात्रीचा_सेव्ह

मला २०२४ मधल्या स्वस्त वंडरकिडची यादी हवी होती, इथे मिळेल का? विशेषतः स्ट्रायकर. बजेट ३० लाख.

---

मधली_फळी

@रात्रीचा_सेव्ह, नावांची यादी पहिल्या एखाद-दोन सीझनलाच उपयोगी पडते. माझा सेव्ह चौथ्या सीझनमध्ये आहे, इथे बरीचशी तरुण पोरं गेमनेच जन्माला घातलेली आहेत. त्यांची नावं प्रत्येक सेव्हमध्ये वेगळी. म्हणून हा धागा शोधायच्या पद्धतीबद्दल आहे. स्ट्रायकरसाठी वेगळा धागा काढलात तर नक्की येतो.

आता स्काउटिंग. पोर्तुगालच्या मुलाचं प्रोफाइल पहिल्यांदा उघडलं तेव्हा अर्धे गुण झाकलेले होते. निर्णयक्षमता ९ ते १५, पोझिशनिंग ८ ते १४. या पट्ट्यात चांगला आणि टाकाऊ दोन्ही खेळाडू बसतात. माझ्याकडे दोन स्काउट रिकामे होते. एकाची सध्याची क्षमता ओळखायची नजर १४, भविष्य ओळखायची ९. दुसऱ्याचं बरोबर उलट, ९ आणि १५. आधी मी फक्त जवळचा म्हणून दुसऱ्याला पाठवलं. त्याने 'भविष्यात आमच्या विभागातला उत्तम खेळाडू होईल' असं लिहून पाठवलं. पण मला माणूस जानेवारीत हवा होता, तीन वर्षांनी नाही. मग पहिल्याला पाठवलं. तीन आठवड्यांत पट्टे आटत गेले: निर्णयक्षमता १३, पोझिशनिंग १२, अंदाज १४, मेहनत १५. वेग मात्र ९ आणि अॅक्सेलरेशन ८.

तो स्वस्त का होता, हे इथे कळलं. वेग नाही, संघ दुसऱ्या विभागातला, नाव कुणाला माहीत नाही आणि करार ३० जूनला संपतोय. आमची बचावफळी खोल बसते, त्यामुळे होल्डिंग मिडफिल्डरला मागे वळून पळत सुटायची वेळ क्वचित येते. दुसऱ्याच्या संघात जी उणीव ठरते ती आमच्यात झाकली जाते, असं माझं मत झालं.

---

बाकावरचा_सहावा

माझ्याकडे डेटाचे रकाने रिकामेच येतात! स्कँडिनेव्हियातले आणि पूर्व युरोपातले खेळाडू बघतोय, गोल आणि सामने दिसतात, बाकी सगळीकडे डॅश. पॅच टाकून बघितला, तोच प्रकार. बग आहे का?

---

कोपऱ्यातला_झेंडा

बग नाही. सेव्ह सुरू करताना त्या लीग खेळण्याजोग्या म्हणून निवडल्या होत्या का? ज्या लीग फक्त बघण्यापुरत्या ठेवल्या असतील किंवा घेतल्याच नसतील, तिथले सामने गेम बारकाईने खेळवत नाही, नुसते निकाल काढतो. सामना खेळलाच गेला नाही तर परत मिळवलेला चेंडू मोजणार कोण?

चालू सेव्हमध्ये लीग वाढवता येते, पण ती पुढच्या सीझनपासून धरली जाते. म्हणजे उपयोगी आकडे हाती यायला आणखी काही महिने. तोवर तिथे स्काउटच तुमचे डोळे. संगणक जुना असेल तर सरसकट दहा लीग वाढवू नका, दिवस पुढे सरकायला फार वेळ लागतो. तुम्हाला परवडणारे खेळाडू जिथे असतील अशा दोन-तीन निवडा, आणि शक्यतो त्यांचा दुसरा विभागही घ्या. मधली_फळी यांना पोर्तुगालचा मुलगा आकड्यांत सापडला, तो त्यांनी पोर्तुगालचा दुसरा विभाग लोड केला होता म्हणूनच.

---

बाकावरचा_सहावा

हेच झालंय, फक्त नेदरलँड्स आणि इंग्लंड घेतलं होतं. आज पोलंड आणि डेन्मार्क वाढवले. आभार!

---

निळी_जर्सी

मी दक्षिण अमेरिकेतून घेते. अर्जेंटिना आणि ब्राझीलच्या खालच्या विभागात १९-२० वर्षांची मुलं कवडीमोलाने मिळतात. मधली_फळी, तुम्ही उगाच युरोपात अडकलात. मीही आता नेदरलँड्सच्याच क्लबसाठी असेच दोन खेळाडू शॉर्टलिस्ट केलेत, येत्या खिडकीत आणणार आहे.

---

कोपऱ्यातला_झेंडा

निळी_जर्सी ताई, जरा थांबा. नेदरलँड्समध्ये युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला किमान पगाराची अट आहे आणि गेममध्येही ती लागू होते. वीस आणि त्यापुढच्या खेळाडूसाठी ती पहिल्या विभागाच्या सरासरी पगाराच्या दीडपट आहे, अठरा-एकोणीसच्यांना त्याच्या निम्मी. दुसऱ्या विभागातल्या क्लबला ती झेपत नाही. ट्रान्सफर फी ५० हजार असली तरी पगारात अख्खा संघ गिळला जाईल. ऑफर देण्याआधी दोघांचं दुसरं नागरिकत्व बघा. बऱ्याच अर्जेंटिनियन आणि ब्राझिलियन खेळाडूंकडे इटालियन, स्पॅनिश किंवा पोर्तुगीज पासपोर्ट असतो, मग ही अट लागत नाही.

इंग्लंडमध्ये वर्क परमिटसाठी गुणांची पद्धत आहे, तिथलं गणित वेगळं. देश बदलला की स्वस्त शब्दाचा अर्थही बदलतो.

---

निळी_जर्सी

एकाकडे इटालियन आहे, दुसऱ्याकडे नाही. दुसऱ्याला आताच यादीतून काढलं. माझं आधीचं सगळं पोर्तुगालच्या क्लबचं होतं, तिथे ही अडचण कधी आली नाही, म्हणून लक्षात आलं नाही.

---

थ्रूबॉल

ठीक आहे, तारे सोडले. पण मग डिरेक्टर ऑफ फुटबॉल कशाला असतो? मी ट्रान्सफर त्याच्यावर सोपवतो. वाटाघाटीचा गुण १७ आहे त्याचा.

---

फाउल_थ्रो

थ्रूबॉल, वाटाघाटी सोपवायला हरकत नाही, निवड सोपवू नका. स्टाफ रिस्पॉन्सिबिलिटीमध्ये दोन्ही वेगवेगळ्या ओळी आहेत. वाटाघाटीचा गुण १७ असून नजर १० असेल, तर तो चुकीचा खेळाडू उत्तम भावात आणेल. माझ्या एका सेव्हमध्ये त्याने तिसरा उजवा फुलबॅक आणला होता, डावा रिकामा असताना.

मी स्टाफवर पैसे असे लावतो. आधी एक चांगला चीफ स्काउट, कारण रिक्रूटमेंट फोकसवर कोण जाणार हे तो ठरवतो आणि त्याचं मत पुष्कळ ठिकाणी दिसतं. मग एक स्काउट ज्याची सध्याची क्षमता ओळखायची नजर पक्की आहे, आणि एक भविष्यवाला. तिसऱ्या पगारात मी आणखी स्काउट घेत नाही, रिक्रूटमेंट अॅनालिस्ट घेतो. त्याचा डेटा विश्लेषणाचा गुण चांगला असेल तर खेळाडूच्या आकडेवारीचे अहवाल कामाचे येतात. बोर्ड परवानगी देत नसेल तर सीझन संपल्यावर पुन्हा मागायची.

स्काउट घेताना मी अनुकूलनाचा गुणही बघतो. अनोळखी देशात पाठवायचं असेल तर तो कमी असून चालत नाही.

---

मधली_फळी

फाउल_थ्रो, तिसऱ्या पगाराबद्दल पटलं. आमच्याकडे अॅनालिस्ट नव्हता, म्हणून मला स्प्रेडशीट करावी लागली.

खरेदीची गोष्ट पुरी करतो. जानेवारीत करार संपायला सहा महिने उरले. तेव्हा दोन वाटा होत्या. एक, आताच करार करून जूनमध्ये आणायचा. मला वाटलं फुकट, पण ऑफरच्या पानावर भरपाईची रक्कम दिसली. वय २२, म्हणजे त्याला घडवणाऱ्या क्लबला प्रशिक्षणाची भरपाई देणं आलं. शिवाय आम्हाला माणूस आत्ता हवा होता. दुसरी वाट, त्यांच्या क्लबला थोडे पैसे देऊन जानेवारीतच घेणं. त्यांनी ३ लाख मागितले. मी रोख १ लाख ५० हजार आणि पुढच्या विक्रीतल्या नफ्याचे २० टक्के असा प्रस्ताव ठेवला. दोन फेऱ्यांत मान्य झालं. करार संपत असल्यामुळे त्यांचंही पुढे काही उरणार नव्हतं.

त्याआधी स्काउटच्या अहवालातल्या उणिवा पुन्हा वाचल्या. एका वाक्यात लिहिलं होतं की नव्या देशात रुळायला त्याला वेळ लागू शकतो. मी ते हलक्यात घेतलं. पहिल्या आठ सामन्यांत त्याची सरासरी ६.५ होती आणि समर्थकांनी त्याला नावं ठेवायला सुरुवात केली होती. भाषेच्या वर्गाला घातलं, तिथलाच एक पोर्तुगीज बोलणारा सहकारी त्याच्या गटात ठेवला. मार्चपासून ७.०च्या वर गेला.

आता माझे दोन प्रश्न. पहिला, तो अहवालातला 'सातत्य नाही' असा शेरा किती मनावर घ्यायचा? माझ्या मुलाला तो नव्हता, पण यादीतल्या तिसऱ्याला होता. दुसरा, वरचं सूत्र कितपत खरं?

---

कोपऱ्यातला_झेंडा

सूत्राबद्दल मी थोडा सावध आहे. तुम्ही धरलंय की समोरच्याकडे चेंडू जितका जास्त, तितक्या संधी सरळ प्रमाणात वाढतात. तसं नेहमी होत नाही. जो संघ उंचावर दाब टाकतो त्याच्यात चेंडू पुढचेच खेळाडू हिसकावतात, होल्डिंगवाल्यापर्यंत कमी येतो. आणि खेळाडूची भूमिका काय आहे त्यावर सगळंच बदलतं. चेंडू हिसकावणारा मिडफिल्डर जागा सोडून अंगावर जातो, त्याचे चेंडूही वाढतात आणि फाउलही. अँकर जागेवर राहून पास अडवतो. तुम्ही फाउलचा रकाना ठेवला हे फार बरं केलंत. परत मिळवलेले चेंडू जास्त आणि फाउलही जास्त, असा खेळाडू तुमच्या खोल बसणाऱ्या संघात घेतला असता तर बचावफळीसमोर भगदाड पडलं असतं. हीट मॅप उघडून त्याचा डाग मधोमध घट्ट आहे की सगळीकडे पसरलाय ते बघा.

म्हणजे सूत्राने यादी लहान करायला हरकत नाही. खरेदी त्यावर करू नका.

सातत्याचा शेरा मी गंभीरपणे घेतो. ते झाकलेल्या गुणांपैकी एक आहे आणि प्रशिक्षणाने सहजी सुधारत नाही. अंगभूत गुण १५ असले तरी असा खेळाडू बऱ्याच सामन्यांत तेवढा दिसणार नाही. राखीव म्हणून चालेल, पहिल्या अकरात नको.

---

फाउल_थ्रो

सातत्याबद्दल मी सहमत नाही. स्वस्त खेळाडूत काहीतरी खोट असणारच, नाहीतर तो स्वस्त नसता. माझ्या मते दुखापतीचा शेरा जास्त महाग पडतो. असातत्य असलेला निदान मैदानावर तरी असतो. मी आधी मागच्या तीन सीझनमधली मिनिटं बघतो. दर सीझनला ३० सामने खेळलाय तर शेरा वाईट असला तरी घेतो. अकरा, मग पंधरा, मग नऊ असे सामने असतील तर शेरा चांगला असला तरी सोडतो. आणि करार करताना वैद्यकीय तपासणीचा अहवाल वाचतो, नुसतं पुढे जा दाबत नाही.

प्रत्यक्षातलं उदाहरण द्यायचं तर एन्गोलो कान्ते. २०१५ मध्ये लेस्टरने त्याला फ्रान्सच्या काँ क्लबमधून घेतलं, वर्षभरात ते प्रीमियर लीगचे विजेते झाले आणि २०१६ मध्ये चेल्सीने नेलं. त्याचे चेंडू परत मिळवण्याचे आकडे तेव्हाही उठून दिसत होते. पण लेस्टरच्या स्काउटने प्रत्यक्ष बघून आग्रह धरला नसता, तर तो आकडा कागदावरच राहिला असता.

---

निळी_जर्सी

फाउल_थ्रो, मिनिटांची युक्ती आवडली. पण कोवळ्या मुलाला क्लबने खेळवलंच नसेल तर? १९ वर्षांचा असेल तर नऊ सामने ही दुखापत नसून बाकावर बसणंही असू शकतं.

---

फाउल_थ्रो

बरोबर. एकवीसच्या आत मी मिनिटांवर जात नाही. त्याच्या इतिहासाच्या पानावर दुखापतींची यादी दिसते, ती बघतो. तिथे एकाच स्नायूची दुखापत तीनदा असेल तर नको.

---

थ्रूबॉल

एक प्रामाणिक शंका. यादी स्प्रेडशीटमध्ये काढून सूत्र लावणं म्हणजे गेमच्या बाहेर जाऊन फसवणूक नाही का? मला डेटा हबमध्ये जे दिसतं त्यातच खेळायला आवडतं.

---

मधली_फळी

मला तसं वाटत नाही, कारण झाकलेलं काही मी उघडत नाही. खऱ्या क्लबचे लोकही आकडे वेगळ्या तक्त्यात मांडतातच. एडिटरने झाकलेले गुण बघणं मात्र मी टाळतो. पण तुम्हाला डेटा हबपुरतं खेळायचं असेल तर तिथला स्कॅटर वापरून बघा. आडव्या अक्षावर परत मिळवलेले चेंडू आणि उभ्यावर पासची टक्केवारी ठेवा. वर उजव्या कोपऱ्यात कोण दिसतो तो तपासा, आणि त्याच्या संघाचं पझेशन डोक्यात धरून ठेवा.

---

कोपऱ्यातला_झेंडा

एक राहिलं, एजंटकडे चौकशी. तुम्ही बेल्जियमवाल्यासाठी लगेच केलीत. ती स्काउटिंग संपण्याआधी करणं मला योग्यच वाटतं. पगाराची अपेक्षा आवाक्याबाहेर असेल तर स्काउटचे तीन आठवडे वाचतात. आणि माणूस यायला तयारच नसेल तर तेही तिथेच कळतं.

---

मधली_फळी

हो, बेल्जियमवाल्याचा एजंट आमच्या सगळ्यात महागड्या खेळाडूच्या दीडपट मागत होता. तिथेच थांबायला हवं होतं.

ताजी बातमी: या उन्हाळ्यात आमच्या पोर्तुगीज मुलासाठी पहिल्या विभागातल्या एका क्लबने १८ लाखांचा प्रस्ताव दिला आहे. १ लाख ५० हजार वजा जाता नफा १६ लाख ५० हजार, त्याचे २० टक्के म्हणजे ३ लाख ३० हजार जुन्या क्लबला. हाती राहतात १४ लाख ७० हजार. वरच्या विभागात बढतीसाठी यंदा जोर लावायचाय, आणि त्याच्या जागी यादीतला तिसरा, तोच सातत्य नसलेला, अजून मोकळा आहे. ३१ ऑगस्टपर्यंत ठरवायचंय. तुम्ही असता तर विकलं असतं का?

---

फाउल_थ्रो

विका. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात.

---

कोपऱ्यातला_झेंडा

जानेवारीपर्यंत थांबा. करार तीन वर्षांचा आहे ना?

---

मधली_फळी

साडेतीन. जानेवारीत अडीच उरतील.